अ‍ॅपलने एकाचे चार शेअर केले तेव्हा डाऊ आणि एस अँड पीचं काय झालं: हिशोबासह मार्गदर्शक

शेअरचं विभाजन झालं, म्हणजेच स्प्लिट झाला, की कंपनीत तसं काहीच बदलत नाही. शेअर संख्येने वाढतात, त्याच प्रमाणात भाव खाली येतो आणि गुंतवणूकदाराच्या हातातली एकूण रक्कम तेवढीच राहते. तरीही काही निर्देशांकांत त्या कंपनीचं वजन एका रात्रीत चौथ्या हिश्शावर येतं आणि काहींत एका पैशाचाही फरक पडत नाही. हे का होतं ते समजायला ऑगस्ट २०२० मधलं अ‍ॅपलचं विभाजन सर्वांत चांगलं उदाहरण आहे. अ‍ॅपल तेव्हा डाऊ जोन्स इंडस्ट्रियल अ‍ॅव्हरेजमध्येही होती आणि एस अँड पी ५०० मध्येही. पहिला निर्देशांक किंमत-भारित आहे, दुसरा बाजारमूल्य-भारित. एकच कंपनी, एकच दिवस आणि हिशोबाच्या दोन पद्धती. कागद-पेन्सिल किंवा एक रिकामी स्प्रेडशीट घेऊन बसलात तर खालचा सगळा हिशोब स्वतः करून बघता येईल.

आधी वजन कशावरून ठरतं ते पाहू

डाऊ २६ मे १८९६ रोजी सुरू झाला तेव्हा त्यात १२ शेअर होते. बाराही भावांची बेरीज करायची आणि १२ ने भागायचं, एवढंच काम होतं. आज कंपन्या ३० आहेत, पण बेरजेला ३० ने भागत नाहीत. भागतात ते एका खास आकड्याने. त्याला भाजक किंवा डिव्हायजर म्हणतात. विभाजनं झाली, कंपन्या बदलल्या, तसतसा हा भाजक दुरुस्त होत गेला आणि आता तो एकापेक्षाही बराच लहान आहे. सूत्र मात्र तेच राहिलं: तीस भावांची बेरीज भागिले भाजक.

यात शेअरच्या संख्येला कुठेच जागा नाही, हे नीट लक्षात घ्या. ४०० डॉलर भाव असलेल्या शेअरचं डाऊमधलं वजन १०० डॉलरच्या शेअरच्या चौपट असतं, मग दुसरी कंपनी पहिलीपेक्षा दहापट मोठी का असेना.

बाजारमूल्य-भारित निर्देशांकात भाव गुणिले शेअरची संख्या असा हिशोब असतो. एस अँड पी ५०० असा आहे, आपले सेन्सेक्स आणि निफ्टी ५० सुद्धा असेच आहेत. यातही बहुतेक ठिकाणी फ्री फ्लोट धरतात. म्हणजे प्रवर्तकांकडे अडकलेले शेअर वगळायचे आणि बाजारात प्रत्यक्ष फिरू शकणारेच मोजायचे. सेन्सेक्स १ सप्टेंबर २००३ पासून या पद्धतीवर आला, निफ्टी जून २००९ पासून.

दोन पद्धतींत अंतर किती पडतं ते आपल्याच बाजारातल्या दोन शेअरवर पाहता येईल. जून २०२३ मध्ये एमआरएफचा भाव एक लाख रुपयांवर गेला. त्या सुमाराला रिलायन्स २,५०० च्या आसपास होता. एमआरएफचे एकूण शेअर साधारण ४२ लाख ४० हजार, तर रिलायन्सचे तेव्हा सुमारे ६७६ कोटी. आता दोघांना एका काल्पनिक किंमत-भारित निर्देशांकात ठेवा. एमआरएफचं वजन रिलायन्सच्या ४० पट होईल. तेच दोन शेअर पूर्ण बाजारमूल्याने मोजा. एमआरएफ सुमारे ४२,४०० कोटी रुपये आणि रिलायन्स १६.९ लाख कोटी, म्हणजे रिलायन्स एमआरएफच्या ४० पट. चित्र अगदी उलटं झालं. टायर बनवणाऱ्या कंपनीने शेअर कधीच फोडला नाही आणि भाव चढत गेला, याला किंमत-भारित पद्धत मोठेपणा समजते.

अ‍ॅपलचा हिशोब, पायरी पायरीने

शुक्रवार, २८ ऑगस्ट २०२० रोजी अ‍ॅपल ४९९.२३ डॉलरवर बंद झाला. डाऊ २८,६५३.८७ वर बंद झाला. त्या दिवशीचा भाजक होता ०.१४५७९८. सोमवारी, ३१ ऑगस्टला बाजार उघडला तो एकाचे चार झालेल्या शेअरने.

पायरी १: भावांची बेरीज काढा. तीस भाव शोधत बसायची गरज नाही. निर्देशांकाला भाजकाने गुणलं की बेरीज मिळते. २८,६५३.८७ × ०.१४५७९८ = ४,१७७.६८ डॉलर. तिसही कंपन्यांचा एकेक शेअर घ्यायला त्या दिवशी एवढे पैसे लागले असते. भाजकाचे निदान सहा दशांश घ्या. तीनच घेतले, ०.१४६ धरला, तर बेरीज जवळपास ६ डॉलरने चुकते.

पायरी २: वजन काढा. ४९९.२३ भागिले ४,१७७.६८ म्हणजे ११.९ टक्के. तीस कंपन्यांत सरासरी वाटा ३.३ टक्के येतो, हे ध्यानात घेतलं तर अ‍ॅपलचं वजन किती होतं ते कळेल.

पायरी ३: विभाजनानंतरची बेरीज काढा. नवा भाव ४९९.२३ भागिले ४, म्हणजे १२४.८१. बेरजेतून ३७४.४२ डॉलर गेले. उरले ३,८०३.२६.

पायरी ४: भाजक तसाच ठेवला असता तर काय झालं असतं, ते मुद्दाम काढून बघा. ३,८०३.२६ भागिले ०.१४५७९८ म्हणजे २६,०८६. कोणाचाही एक पैसा बुडालेला नसताना डाऊ २,५६८ अंशांनी, जवळपास ९ टक्क्यांनी, कोसळलेला दिसला असता. भाजक बदलावा लागतो तो याच कारणाने.

पायरी ५: नवा भाजक काढा. अट एकच: विभाजनाच्या आधी आणि नंतर निर्देशांक तोच यायला हवा. म्हणून नवी बेरीज भागिले जुना निर्देशांक. ३,८०३.२६ भागिले २८,६५३.८७ म्हणजे ०.१३२७३. भाजक लहान झाला आणि डाऊ जागचा हलला नाही.

स्प्रेडशीटमध्ये हे असं मांडता येईल. B1 मध्ये निर्देशांक, B2 मध्ये जुना भाजक, B3 मध्ये विभाजनाआधीचा भाव, B4 मध्ये एकाचे किती झाले तो आकडा:

```
B5: =B1*B2
B6: =B3/B5
B7: =B5-B3+B3/B4
B8: =B7/B1
B9: =(B3/B4)/B7
```

B5 ही जुनी बेरीज, B6 जुनं वजन, B7 नवी बेरीज, B8 नवा भाजक आणि B9 नवं वजन. अ‍ॅपलचं नवं वजन ३.३ टक्के येतं.

इथे नवखे बरेचदा अडखळतात. भाजक दुरुस्त केला म्हणजे सगळं पूर्ववत झालं, असं त्यांना वाटतं. तसं नाही. भाजकाने सावरला तो फक्त निर्देशांकाचा आकडा. आतली वाटणी बदललीच. अ‍ॅपलचे जे सुमारे ८.७ टक्के गेले, ते उरलेल्या २९ कंपन्यांत त्यांच्या त्यांच्या भावाच्या प्रमाणात वाटले गेले. त्यांनी काहीही न करता त्यांचं वजन वाढलं. कोणत्याही शेअरमधली एक डॉलरची हालचाल आधी डाऊला ६.८६ अंशांनी हलवत होती, नव्या भाजकाने ७.५३ अंशांनी हलवेल.

पायरी ६: प्रत्यक्षातल्या आकड्याशी ताळा करा. तो जुळणार नाही, आणि न जुळण्याचं कारण या प्रकरणात फार शिकण्यासारखं आहे. सोमवारपासून लागू झालेला खरा भाजक होता ०.१५१९८७०७५६५८३३. आपल्या ०.१३२७३ पेक्षा मोठा तर आहेच, विभाजनाआधीच्या भाजकापेक्षाही मोठा. विभाजनाने भाजक घटायला हवा आणि इथे तो वाढला.

कारण असं की अ‍ॅपलचं वजन एकदम उतरणार म्हटल्यावर डाऊतला तंत्रज्ञान क्षेत्राचा हिस्सा घसरणार होता. तो सावरायला डाऊ चालवणाऱ्या समितीने त्याच दिवशी तीन कंपन्या बदलल्या. एक्सॉनमोबिल, फायझर आणि रेथिऑन बाहेर गेल्या. सेल्सफोर्स, अ‍ॅमजेन आणि हनीवेल आत आल्या. गेलेल्या तिघींचे भाव कमी होते, आलेल्या तिघींचे बरेच जास्त. खऱ्या भाजकाला २८,६५३.८७ ने गुणलं की नवी बेरीज ४,३५५.०२ येते. आपल्या ३,८०३.२६ शी तुलना केली तर फरक ५५१.७६ डॉलर. या अदलाबदलीने बेरजेत नेमकी एवढी भर घातली. शेवटी अ‍ॅपलचं वजन १२४.८१ भागिले ४,३५५.०२, म्हणजे २.९ टक्क्यांवर आलं.

एका कंपनीने शेअर फोडला आणि १९२८ पासून डाऊमध्ये असलेली तेल कंपनी बाहेर गेली. स्टँडर्ड ऑइल ऑफ न्यू जर्सी या नावाने आत आलेली एक्सॉन ती हीच. अशी साखळी बाजारमूल्य-भारित निर्देशांकात लागूच शकत नाही.

सोमवारी काय दिसलं

३१ ऑगस्टला अ‍ॅपल चढला. १२४.८१ वरून १२९.०४ वर बंद झाला, म्हणजे ३.४ टक्के वर. डाऊ मात्र २२३.८२ अंशांनी खाली आला. त्यात अ‍ॅपलचा हातभार किती? भावातला बदल भागिले भाजक: ४.२३ भागिले ०.१५१९८७ म्हणजे अधिक २८ अंश.

विभाजन झालं नसतं आणि जुनाच भाजक असता तर? तेच ३.४ टक्के ४९९.२३ वर लावले तर भाव सुमारे १६.९३ डॉलरने वाढला असता. भागिले ०.१४५७९८, म्हणजे अधिक ११६ अंश. कंपनी तीच, वाढ तेवढीच, तरी डाऊला ८८ अंश कमी मिळाले. डाऊच्या बातमीत अमुक शेअरने इतके अंश दिले किंवा खाल्ले असं वाचलं की हाच भागाकार करून बघावा. अंशांचा आकडा कंपनीची कामगिरी सांगतोच, पण त्यात शेअरचा भाव किती मोठा आहे हेही मिसळलेलं असतं.

तोच दिवस, एस अँड पी ५०० मध्ये

इथला हिशोब दोन ओळींचा आहे. विभाजनाआधी अ‍ॅपलचे सुमारे ४२७.५ कोटी शेअर होते. गुणिले ४९९.२३ म्हणजे २.१३ लाख कोटी डॉलर. विभाजनानंतर १,७१० कोटी शेअर गुणिले १२४.८१ म्हणजे पुन्हा २.१३ लाख कोटी डॉलर. गुणाकारातला एक आकडा चौपट झाला, दुसरा चौथा हिस्सा झाला. बेरीज तीच, भाजक तोच, अ‍ॅपलचं वजनही तेच. निर्देशांक चालवणाऱ्यांना फक्त शेअरची संख्या आणि भाव एकाच वेळी, विभाजनाच्या दिवशी बाजार उघडण्यापूर्वी बदलून घ्यावे लागतात.

याचा अर्थ या निर्देशांकांना भाजकच नसतो असा घेऊ नका. भाजक इथेही असतो आणि तो बदलतोही, पण बाजारमूल्य खरोखर बदलतं तेव्हा. कंपनीने नवे शेअर विकून पैसे उभे केले, राइट्स इश्यू आणला, शेअर परत विकत घेऊन रद्द केले, किंवा निर्देशांकातली कंपनीच बदलली, तर एकूण मूल्यात भावाशी संबंध नसलेली भर किंवा घट होते. ती निर्देशांकात दिसू नये म्हणून भाजक हलवतात. विभाजनात पैसा येत नाही आणि जातही नाही, म्हणून भाजकाला हात लावायचं कारण उरत नाही.

सेन्सेक्स-निफ्टीत हाच नियम चालतो. आपल्याकडे दर्शनी मूल्य छापलेलं असल्याने विभाजन १० वरून २, २ वरून १ अशा भाषेत जाहीर होतं. दर्शनी मूल्य १० चं २ झालं म्हणजे एकाचे पाच शेअर झाले. बोनसमध्ये दर्शनी मूल्य तेच राहतं आणि राखीव निधी भांडवलात वळवून नवे शेअर देतात, पण निर्देशांकाच्या दृष्टीने दोन्ही एकच. ऑक्टोबर २०२४ मध्ये रिलायन्सने एकास एक बोनस दिला. २८ तारखेला भाव २,६५० च्या पातळीवरून निम्म्यावर आला आणि शेअरची संख्या दुप्पट झाली. निफ्टीत रिलायन्सचं वजन त्यामुळे बदललं नाही. मात्र गुणोत्तर वाचताना सावध राहा. एकास एक बोनस म्हणजे एकाचे दोन, पण ‘टू फॉर वन’ विभाजन म्हणजेही एकाचे दोनच. बोनसमध्ये पहिला आकडा नव्याने मिळणाऱ्या शेअरचा असतो, विभाजनात तो एकूण शेअरचा असतो. वरच्या शीटमध्ये B4 भरताना ही चूक हमखास होते.

जुने आकडे घेताना कुठे फसायला होतं

सर्वांत जास्त चुका सूत्रात होत नाहीत, भावाच्या रकान्यात होतात. कोणत्याही संकेतस्थळावरून अ‍ॅपलचा २८ ऑगस्ट २०२० चा बंद भाव घेतलात तर बहुतेक ठिकाणी ४९९.२३ दिसणारच नाही. १२४.८१ दिसेल, कारण आलेख सलग दिसावा म्हणून मागचे सगळे भाव विभाजनाप्रमाणे भागून ठेवलेले असतात. हा भाव विभाजनाआधीच्या बेरजेला लावला तर वजन ३ टक्क्यांच्या खाली येतं आणि अ‍ॅपलच्या विभाजनाने डाऊत काहीच झालं नाही असा निष्कर्ष निघतो. बाजारमूल्यातही तोच घोटाळा होतो: भागलेला भाव आणि त्या वेळची न भागलेली शेअरसंख्या एकत्र आली की कंपनी कागदावर चौथ्या हिश्शाची होते.

चूक ओळखायला सोपा ताळा आहे. विभाजनाच्या आदल्या आणि पहिल्या दिवसाचे भाव शेजारी ठेवा. चौपट फरक दिसला तर ते त्या दिवशीचे खरे भाव आहेत. तीन-चार टक्क्यांचा फरक दिसला तर ते दुरुस्त केलेले आहेत, आणि आदल्या दिवसाच्या भावाला ४ ने गुणून घ्यावं लागेल. ‘Adj Close’ नावाचा रकाना तर या कामाला घेऊच नका. त्यात लाभांशही वजा केलेला असतो, त्यामुळे नुसतं ४ ने गुणून मूळ भाव परत मिळत नाही. आणि ज्या कंपनीने नंतर पुन्हा विभाजन केलं असेल, तिच्या जुन्या भावांना दोन्ही गुणोत्तरांनी गुणावं लागतं.

भाजकाच्या बाबतीत तारीख पाहा. आजचा भाजक घेऊन पाच वर्षांपूर्वीच्या डाऊची बेरीज काढली तर ती कशाचीच बेरीज नसते.

किंमत-भारित असूनही वेगळं वागणारा निक्केई

वरची डाऊची कृती जपानच्या निक्केई २२५ ला जशीच्या तशी लावू नका. तोही किंमत-भारित म्हणून ओळखला जातो, पण त्यात प्रत्येक शेअरच्या भावाला आधी एका समायोजन गुणकाने गुणतात आणि मग बेरीज करतात. मोठं विभाजन झालं की सहसा भाजकाऐवजी त्या शेअरचा गुणक वाढवतात. युनिक्लोची मूळ कंपनी फास्ट रिटेलिंगने मार्च २०२३ मध्ये एकाचे तीन शेअर केले. भाव तिसऱ्या हिश्शावर आला, गुणक १ चा ३ झाला आणि निर्देशांकातलं वजन जिथल्या तिथे राहिलं. तिथे गुणक आणि भाव यांचा गुणाकार पाहिल्याशिवाय वजन काढता येत नाही.

डाऊत असा गुणक नाही. म्हणूनच फार चढ्या भावाचा शेअर आत घेणं समितीला अवघड जातं, कारण तो एकटाच निर्देशांक ओढत नेईल. अ‍ॅमेझॉनने जून २०२२ मध्ये एकाचे वीस शेअर केले आणि २६ फेब्रुवारी २०२४ ला ती डाऊत आली, त्याच दिवशी वॉलमार्टचं एकाचे तीन हे विभाजन लागू झालं. एनव्हिडियाने जून २०२४ मध्ये एकाचे दहा केले आणि नोव्हेंबरमध्ये इंटेलची जागा घेतली. एस अँड पी ५०० मध्ये या दोन्ही कंपन्या विभाजनाच्या कितीतरी आधीपासून होत्या, चढ्या भावासकट.